मदत हवी आहे: मागणी तपासण्यावर छोटं भाषण

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या उद्योजकता क्लबमध्ये दहा मिनिटं बोलायचंय: भांडवल घालण्याआधी मागणी कशी तपासावी. उदाहरण काल्पनिक आहे, नाचणीच्या लाडवांचा २५० रुपयांचा डबा.

'घ्याल का?' असा पोल टाकला की ओळखीचे सगळे 'हो' म्हणतात. त्यात त्यांचं जातंय काय! म्हणून जाहिरातीखाली ५० रुपये आगाऊ घेऊन बुकिंग ठेवायचं, माल नाही दिला तर पैसे परत. समजा, २००० रुपयांच्या जाहिरातीतून २०० क्लिक आणि ५ बुकिंग आली. म्हणजे एक गिऱ्हाईक ४०० रुपयांना पडलं, आणि डब्यामागे नफा ९०. त्याने पाचदा घेतलं तरच जाहिरातीचा खर्च सुटतो.

पण ते पुन्हा घेतील का, हे बुकिंगवरून कळत नाही. तेवढं स्वस्तात कसं तपासायचं? कोणी करून पाहिलंय का?