मेंदूमृत्यू आणि अवयवदान: धर्माचा आक्षेप नेमका कशाला?

परीक्षार्थी: उपयोजित नीतिशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता: ‘अवयवदान आणि व्हेंटिलेटर काढणे यांना धर्मांचा विरोध आहे का?’ हिंदू व ख्रिस्ती धर्मांची मान्यता, इस्लामचा विरोध, असे मी लिहिले. एवढे पुरेल का?

जुना वाचक: पुरायला हवे. इस्लाममध्ये देह ही ईश्वराची ठेव मानतात, आणि आपल्याकडे दधीचींनी अस्थीच दिल्या, त्यामुळे हिंदूंपुढे प्रश्नच उरत नाही.

भूलतज्ज्ञ: ‘विरोध’ हा शब्द खोडावा. इस्लामी फिक्ह अकादमीने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, १९८६ साली अम्मानच्या बैठकीत मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हा मृत्यू मानला आणि १९८८ साली मृताचे अवयव संमतीने घेण्यास अनुमती दिली. सर्व उलेमांना हे पटलेले नाही, ही गोष्ट वेगळी. दधीचींची कथा दानाची थोरवी सांगते, पण ज्याची छाती यंत्रावर वरखाली होत आहे तो मेला आहे का, याचे उत्तर तिच्यात नाही. आमच्याकडे खरी अडचण तिथेच येते. श्वसनचाचणीत नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून यंत्र सोडवतात आणि सगळे छातीकडे पाहत राहतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटरपर्यंत चढूनही श्वासाची हालचाल झाली नाही, तर निदान पक्के होत जाते. किमान सहा तासांनी चार डॉक्टरांचे मंडळ हीच तपासणी पुन्हा करते. तरीही नातेवाईक म्हणतात, “हात तर गरम आहे!”

सातारकर: आम्ही वडिलांचे नेत्रदान घरीच केले. पंखा बंद केला, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. आत्या तेवढी म्हणाली की पुढच्या जन्मी दादा आंधळा होईल. यंत्राचा प्रश्न कोणी काढलाच नाही.

भूलतज्ज्ञ: कारण त्यांचे हृदय थांबलेले होते. आत्यांची भीती देहाच्या पूर्णत्वाची होती, मृत्यूच्या क्षणाची नव्हती. उत्तरात या दोन भीती वेगळ्या मांडाव्यात.

वसईकर: कॅथलिक मान्यताही इतकी सरसकट नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली सांगितले की असाधारण उपाय चालू ठेवणे बंधनकारक नाही, म्हणून मरणासन्न माणसाचे यंत्र काढणे म्हणजे त्याला मारणे ठरत नाही. मात्र अवयवदानाबाबत जॉन पॉल दुसरे २००० साली बोलले ते संपूर्ण मेंदूबद्दल, आणि आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा फक्त मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या देठाचा, मृत्यू पाहतो.

भूलतज्ज्ञ: फरक खरा आहे. बहुतेक रुग्णांमध्ये सूज वरून खाली पसरते, तेव्हा दोन्ही एकत्रच जातात. पण रक्तस्राव मस्तिष्कस्तंभातच झाला असेल, तर वरच्या मेंदूत काही काळ विद्युतक्रिया आढळू शकते. माझ्या मते तरीही तो मृत्यूच, कारण जाणिवेला जाग देणारे केंद्र आणि श्वास, दोन्ही कायमचे गेलेले असतात.

वसईकर: हे तुमचे वैद्यकीय मत झाले. तशा रुग्णाच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली, तर मी आधी आमच्या फादरना विचारीन, आणि ते काय सांगतील याची मला खात्री नाही.