केक मधोमध बसला!

बी-४०२: काकू, वाढदिवसाचा बिनअंड्याचा केक केला. ओव्हनमध्ये टम्म फुगलेला, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध वाटीसारखा बसला 😩 सोडा जुना असेल का?

ए-१०३: जुन्या सोड्याने फुगलाच नसता गं. कापून बघ, आतून कसा दिसतोय?

बी-४०२: कडेला छान जाळी पडलीये. मध्ये खाली शिऱ्यासारखा ओला, गच्च थर.

ए-१०३: म्हणजे कच्चा राहिला. केक वाफेने आणि सोड्याच्या वायूने फुगतो, पण मैदा शिजून घट्ट झाला तरच तसा उभा राहतो. कडा आधी शिजतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. त्याआधी बाहेर काढला की वाफ निवते आणि तो खाली येतो. आतून कोरडा आणि मोठ्या भोकांचा असता तर सोडा जास्त झाला म्हटलं असतं.

बी-४०२: पण १८० वर ३५ मिनिटं ठेवला, रेसिपीत होतं तसंच! डबा तेवढा सहा इंची होता, त्यात आठ इंची लिहिलाय.

ए-१०३: अगं, मग तेच मिश्रण सहा इंचीत पावणेदोन पट उंच होतं. ३५ मिनिटांत कसलं शिजतंय?

सी-२०१: ओटीजीच्या नॉबवर पण जाऊ नका. मी आत थर्मामीटर ठेवून पाहिलंय. नॉब १८० वर, दहा मिनिटांनी आत १५०! माझ्याकडचा तापायला वीस मिनिटं घेतो.

बी-४०२: मी पाचच मिनिटं तापवला 🙈 पुढच्या वेळी सरळ २०० ठेवू?

ए-१०३: मुळीच नको. वरून लाल होऊन तडकेल, आत कच्चाच राहील. उंच केक १६०-१६५ वर पन्नासेक मिनिटं ठेव आणि मधोमध सुरी खुपसून बघ. पहिली तीस मिनिटं दार उघडायचं नाही.

बी-४०२: विसाव्या मिनिटाला उघडलं होतं. टूटीफ्रूटी पेरायला 😬

ए-१०३: घ्या! आणि मैदा घातल्यावर किती फेटलंस?

बी-४०२: बीटरने पाच मिनिटं. गुठळ्या राहू नयेत म्हणून.

ए-१०३: फेटायचं ते साखर, दही, तेल. दह्यात सोडा पडला की लगेच फेसतो, नंतर घुसळलं तर तो फेस मोडतो आणि मैदा चिवट होतो. मैदा आधी चाळून घे, मग गुठळीच होत नाही. कालथ्याने खालीवर कर, कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबव. ओव्हन आधी तापत ठेव, मिश्रण नंतर कालव. ताटकळलं की फुगायचा जोर ओट्यावरच संपतो.

बी-४०२: सहाला पाहुणे आहेत काकू, आता काय करू?

ए-१०३: मधला कच्चा भाग वाटीने गोल कापून काढ. कडा शिजल्यात ना? मग त्या खळग्यात क्रीम आणि आंबा भर. कोणाला पत्ता लागणार नाही.

सी-२०१: आम्हाला लागलाय. सातला येतो 😄