अनुभव धागा: पहिल्या प्रकरणातला पूर्वेतिहास कुठे आणि कसा कापता?

धागाकर्ती: चर्चेसाठी एक कच्चा खर्डा घेऊ. पहिलं प्रकरण ३,२०० शब्दांचं. सुमती दुय्यम निबंधक कार्यालयात भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला आली आहे. पण कागद तिच्या हातात येतो तो साधारण १,४०० शब्दांनंतर. त्याआधी वाडा कुणी बांधला, वडील कसे गेले, वहिनीशी का बिनसलं, हे सगळं. तुम्ही काय कराल?

शब्दकातर: आधी काहीच कापू नका. प्रिंट काढा आणि दोन रंगांची पेनं घ्या. आत्ता, या कचेरीत घडतंय ते हिरवं, आधी घडून गेलेलं ते लाल. मराठीत लाल ओळखणं सोपं आहे: ‘गेले होते, केलं होतं, पटलं नव्हतं’ अशी रांग लागली की समजायचं. फाइलमध्ये ‘होत’ आणि ‘नव्हत’ शोधलं तरी चालतं. ‘होत आहे’सारखी निरुपद्रवी वाक्यंही सापडतील, ती सोडून द्या.

मग प्रत्येक लाल परिच्छेदाला एकच प्रश्न: हा काढला तर समोरचा हिरवा प्रसंग कळायचा थांबतो का? या खर्ड्यात वाडा कुणी बांधला ते नसलं तरी काही अडत नाही. वडील गेलेत हे मात्र लागतं, पण त्याला अर्धं वाक्य पुरे. वहिनीचं बिनसलेलं तर प्रसंगातच मुरवता येतं:

मूळ: ‘सुमतीचं लग्न साताऱ्याला झालं होतं. तिला माहेरची ओढ होती, पण वहिनीशी कधी पटलं नव्हतं.’

नंतर: ‘“वहिनीने थालीपीठं दिलीत तुझ्यासाठी,” भाऊ म्हणाला आणि डब्याशेजारी कागद ठेवला. वहिनीने तिला शेवटचं खाऊ घातलं, त्याला बारा वर्षं झाली होती.’

एक ‘होती’ उरली. ती राहू दे, ती काम करते आहे.

चहाबाज: एवढं कशाला? सरळ संवादाने सुरुवात करा, पूर्वेतिहास आपोआप गळतो.

शब्दकातर: गळत नाही, अवतरणचिन्हांत जाऊन बसतो. ‘दादा, तुला आठवतं ना, बाबा गेले तेव्हा तू पुण्यात होतास?’ दादाला आठवतंच आहे, हे वाक्य फक्त वाचकासाठी आहे. ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेलं सांगणारा प्रत्येक संवाद लाल पेनाने रंगवा.

निवृत्त_वकील: कायद्याचं एक सांगतो, कदाचित विषयांतर होईल. नुसती सही करून भागत नाही. साक्षीदार लागतात, फोटो आणि अंगठा होतो, आणि दस्त तुम्हीच करून दिलात ना, हे कबूल करून घेतलं जातं.

धागाकर्ती: विषयांतर कसलं, सुरुवात हीच! ‘दस्त तुम्हीच करून देताय ना?’ या प्रश्नावर सुमती क्षणभर गप्प राहिली, तर कापलेल्या लाल मजकुरातलं बरंच काही त्या गप्प राहण्यात येतं.

चहाबाज: म्हणजे सही करून मोकळी झाल्यावर सुरू करू नये, असंच ना? निर्णय अजून बाकी हवा. हे पटलं.

गारदी१७७३: माझी कादंबरी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर आहे. तिथे पूर्वेतिहास कापला तर वाचकाला राघोबादादा कोण हेच कळणार नाही.

शब्दकातर: उलट, मराठी वाचक ते शाळेतच शिकून आलेला असतो. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात काय झालं, हे तुमच्या पहिल्या ओळीआधीच त्याला ठाऊक आहे. माधवराव नोव्हेंबर १७७२मध्ये गेले हे दोन पानं सांगण्यापेक्षा, तुमचं पात्र त्या दिवशी वाड्यात कुठल्या कामाला आलंय ते आधी सांगा. तो पूर्वेतिहास वाचकाकडे नाही.

मुद्रितशोधक: कापल्यानंतरच्या गोंधळाबद्दल कुणीच बोललं नाही. लाल मजकूर फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहा: ‘हे प्रथम कुठल्या प्रकरणात लागतं?’ सुमतीच्या आत्याचा उल्लेख पहिल्यातून गेला आणि चौथ्यात ‘आत्याने नेहमीसारखं तोंड फिरवलं’ तसंच राहिलं, तर वाचक मागची पानं चाळत बसतो. म्हणून कापलेलं प्रत्येक नाव पूर्ण फाइलमध्ये शोधा, नात्याने आलेले उल्लेखही. ‘तो प्रसंग’, ‘त्या दिवसापासून’ असे शब्दही शोधा, तेही निराधार होतात.

संथवाचक: मला हे सगळं सरसकट मान्य नाही. वाडा हेच पात्र असेल तर त्याचं वर्णन लाल कसं? काही कादंबऱ्यांना संथ सुरुवातच शोभते.

शब्दकातर: शोभते. पण इथे वाडा अजून दिसलेलाच नाही, आपण कचेरीत आहोत. तिसऱ्या प्रकरणात सुमती आत शिरेल तेव्हा घ्या की हवं तेवढं.

संथवाचक: तिसऱ्यापर्यंत मला वाड्याची ओढच नसेल, तर तो गेल्याचं दुःख कशाला होईल?

धागाकर्ती: हा आक्षेप मला खरा वाटतो. हक्कसोडपत्रात मिळकतीचं वर्णन असतंच: पूर्वेस काय, पश्चिमेस काय. सुमती त्या चतु:सीमा वाचताना एका जागी अडखळली, तर शंभरेक शब्दांत वाडा येतो. तेवढा पुरेल का?