घोटा लचकला की हाड गेलं? आईला वेचणीला केव्हा जाता येईल?

काळीमाती
आमचं गाव पांढरकवड्याच्या बाजूला. चार दिवसांआधी आईचा पाय वावरातल्या भेगेत गेला आणि पाऊल आतल्या बाजूला मुरगळलं. वय 54, शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत. घोट्याच्या बाहेरून सूज आहे आणि काळंनिळं आता बोटांपर्यंत उतरलं. त्या दिवशी लंगडत घरी आली, आताही चुलीपासून अंगणापर्यंत जाते. एक्सरे काढला नाही. शेजारची मावशी बिबा लाव म्हणते. कापसाची दुसरी वेचणी तोंडावर आहे. लचक असली तर किती दिवस आणि हाड असलं तर किती, कोणी नीट सांगेल का?

धुऱ्यावरची_बोर
चालता येते नं? मंग हाड गेलंच नाही समजा. हाड मोडलं असतं तं पाय टेकवला नसता तिनं. आठ दिवसांत बरी होते. गरम पाण्यात मीठ टाकून शेका अन् तेलानं चोळा.

सांधेजोड
बोरभाऊ, तुमचं अर्धं खरं आहे. पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली, तर घोटा मोडल्याची शक्यता कमी होते, संपत नाही. पाय टेकवूनही मोडलेली हाडं असतात.

काळीमाती, आईला बसवून एकेका बोटानं हाड दाबून पाहा. बाहेरच्या घोट्याचं खालचं टोक आणि तिथून मागच्या कडेनं वर सहा सेंटीमीटर, म्हणजे जवळपास चार बोटं. आतल्या घोट्यालाही तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर टाच आणि करंगळीच्या साधारण मधोमध हाडाचा एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्याजवळचं हाड. यातल्या कुठेही हाडावरच कळ आली तर एक्सरे काढायचा. दुखणं फक्त बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात असेल तर बहुतेक शीर ताणली आहे, शीर म्हणजे इथे हाडाला हाड बांधणारा पट्टा.

पण शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असली की ही परीक्षा फसते. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दाबून काहीच दुखलं नाही तरी एक्सरे काढा. ती चालते आहे ते कदाचित कळ कमी लागते म्हणूनही असेल.

काळंनिळं बोटांपर्यंत उतरलं याची भीती नको. आत सांडलेलं रक्त खाली ओघळतं एवढंच.

बिबा अजिबात नाही. त्यानं कातडी भाजते, फोड येतात. उद्या प्लेट टाकायची वेळ आली तर फोड बसेपर्यंत ऑपरेशन थांबवावं लागतं, आणि शुगरमध्ये ती जखम चिघळते. चोळणं आणि गरम शेकही पहिले तीन दिवस नकोच, आत रक्त वाढतं. आता चौथ्या दिवशीही सूज टिकून आहे तोवर पाय उशीवर छातीपेक्षा वर ठेवा आणि माठातल्या पाण्याची ओली पट्टी पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट कातडीवर नको, बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही.

बैलबंडी
माह्या पायाची नळी मोडली होती, रॉड टाकला, साडेचार महिने वावरात पाय नाही ठेवला. तुमच्या आईचं तेवढं धरून चाला. रॉड काढावा का नाही, कोणी सांगते का?

सांधेजोड
नळीचं हाड वेगळं, घोट्याचं वेगळं. नळी मोडली की चार-सहा महिने होतातच, तो हिशेब इथे लावू नका. रॉडचा प्रश्न वेगळ्या धाग्यात टाका, तिथे बोलू.

दिवसांचं म्हणाल तर लचकीतही तीन प्रकार. शीर नुसती ताणली तर एक ते तीन आठवडे. अर्धवट फाटली तर तीन ते सहा. पूर्ण तुटली तर आठ ते बारा, आणि सूज त्याहूनही रेंगाळते. बाहेरच्या घोट्याचं हाड जागेवरच तडकलं तर बुटात सहा आठवडे, शेतातल्या कामाला तीन महिने. हाड सरकलं किंवा दोन्ही बाजूंनी गेलं तर प्लेट, पुष्कळदा सहा आठवडे वजन बंद, आणि वावरात जायला चार ते सहा महिने. म्हणून "लचक म्हणजे लवकर, हाड म्हणजे उशीर" हे सरसकट नाही. पूर्ण तुटलेल्या शिरेपेक्षा छोटं हाड आधी भरून येतं.

काळीमाती
दाबून पाहिलं. घोट्यावर विशेष नाही, पण पावलाच्या बाहेरच्या कडेच्या उंचवट्यावर ओरडलीच. ग्रामीण रुग्णालयात एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, करंगळीच्या रेषेतल्या हाडाच्या बुंध्याचा तुकडा थोडा निघाला, जागेवर आहे. आता प्लास्टर लागेल का?

सांधेजोड
हेच वाटलं होतं. पाऊल आत मुरगळताना त्या बुंध्याला चिकटलेला, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा हाडाचा कण ओढून नेतो. घोट्याचा एक्सरे काढून समाधान मानलं की हे निसटतं. तुकडा अगदी टोकाचा असेल तर बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत दुखणं बरंच उतरतं, हाड सहा ते आठ आठवड्यांत भरतं. एक्सरेत रेघ त्यानंतरही दिसू शकते, ती पाहून घाबरायचं नाही.

पण एक विचारून घ्या, मोड टोकाला आहे की दीड-दोन सेंटीमीटर पुढे? पुढच्या भागात रक्तपुरवठा तोकडा असतो. तिथे सहा-आठ आठवडे वजन न टाकता पाय ठेवावा लागतो, कधी स्क्रूही लागतो, तरी तीन महिने जाऊ शकतात. एकाच हाडावर बोटभर अंतरानं हिशेब दुपटीनं बदलतो.

प्लास्टरखोली
टोकाचा असला तरी मी पहिले दोन आठवडे खालून स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, देणारच म्हणेन. गावात बाई घरी बसत नाही, आणि सूजलेल्या पायात चप्पल घालून ती विहिरीवर जाते.

सांधेजोड
टोकाच्या तुकड्याला कडक तळाच्या बुटात चालू दिलं तरी चालतं, आणि शुगरच्या बधिर पायाला प्लास्टरनं घासून जखम होण्याची भीती मला जास्त वाटते. यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पाय पाहिलाय, त्यांचं ऐका. स्लॅब लावलाच तर बोटं गार पडली, निळी झाली किंवा औषधानंही न थांबणारी कळ सुरू झाली तर रात्र असली तरी त्याच घडीला दवाखाना.

काळीमाती
टोकाचाच आहे म्हणाले, बूट दिला. आई तंबाखू मळते, त्याचा फरक पडतो का? अन् वेचणी?

सांधेजोड
पडतो. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला वेळ लागतो, मग तो खर्रा असो की मळलेला तंबाखू. शुगर चढती राहिली तरी तेच. उपाशीपोटीची शुगर किती ते लिहा, त्यावरून पुढचं बोलू. जेवणात डाळ, अंडी वाढवा.

वेचणीचं सांगतो. सहाव्या आठवड्यानंतर उंचवटा दाबून दुखत नसेल आणि त्या एका पायावर दहा सेकंद धरून उभं राहता येत असेल, तर आधी अर्धा दिवस, सपाट वावरात, बंद बुटात. भेगाळलेल्या जमिनीत रबरी चपलेनं नको. संध्याकाळी सूज आली आणि सकाळपर्यंत उतरली नाही तर काम जास्त झालं, एक पायरी मागे या. ही वेचणी बहुतेक तिच्या हातून जाणार, मजूर आत्ताच सांगून ठेवा.

धुऱ्यावरची_बोर
मिठाचं पाणी तरी चालते का मंग?

सांधेजोड
सूज उतरल्यावर कोमट. हाताच्या कोपरानं तपासून, आईच्या पायानं नाही.