मदत हवी आहे : अपुऱ्या नोंदींवरून दुकानाचा नफा

नमस्कार. वडिलांच्या किराणा दुकानात रोकडवही आणि उधारीची वही एवढेच लिहिले जात असल्याने मी दोन्ही तारखांची स्थिती विवरणे मांडली. मालमत्तेतून देणी वजा जाता 1 एप्रिलचे भांडवल 3,20,000 आणि 31 मार्चचे 3,65,000 रुपये आले. अखेरच्या भांडवलात 1,20,000 रुपयांची उचल मिळवून, वर्षात नव्याने घातलेले 50,000 आणि सुरुवातीचे भांडवल वजा केल्यावर नफा 1,15,000 रुपये दिसतो. मात्र जुनी वही सापडत नसल्याने 1 एप्रिलची येणे उधारी धरलेली नाही, आणि ती जेवढी असेल तेवढा नफा फुगलेला आहे. यंदाची वसुली व अखेरची बाकी यांच्या बेरजेतून यंदाची उधार विक्री वजा करून ती काढली, तर ग्राह्य धरता येईल का?