अनुभव धागा: डब्यातल्या काळ्या डायवरून लाइट ब्राऊन

गुलबक्षी
माळ्यावरची पिशवी उपसताना एक जुना टॉवेल हाती लागला. कडेला काळ्या डायचा ओघळ, अजून जसाच्या तसा. तेव्हाचा सगळा प्रकार आठवला. काळ्या केसांवर लाइट ब्राऊनचा डबा लावला, आणि मुळाशी दोन बोटं केशरी झाली, खाली काळं ते काळंच. आता भाची तेच करायला निघालीय, फेब्रुवारीत लग्न आहे तिचं. तिला हा धागाच पाठवते. कोणी काय लावलं, कुठे अडलं, शेवटी काय केलं ते लिहा.

कंगवा-कात्री
सलूनमध्ये हे आठवड्यातून एकदा तरी येतंच, म्हणून लिहिते. रंगाने रंग निघत नाही. लाइट ब्राऊनच्या डब्यातला डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचा पेरॉक्साइड, तुमच्या मूळच्या केसातला रंग थोडा फिका करतो, पण आधी भरलेल्या डायला हात लावत नाही. तो डाय लावताना बारीक कणांनी केसात शिरतो, आत एकमेकांना जोडला जाऊन मोठा होतो आणि मग बाहेर यायची वाटच उरत नाही. म्हणून नवीन उगवलेली दोन बोटं उजळतात, खाली काही होत नाही. डोक्याच्या उबेने मुळं अजून भराभर केशरी होतात. गुलबक्षीचं झालं ते अगदी ठरलेलं.

रानपाखरू
मग ४० व्हॉल्यूमचा कडक डेव्हलपर घ्यायचा ना? पार्लरवाल्या घाबरतात म्हणून २० वर काम करतात.

कंगवा-कात्री
नाही हो. ४० नुसत्या रंगात घातला तर मुळं जास्त केशरी होतील, काळी लांबी तशीच राहील. ब्लीच पावडरीत घातला तर सुरुवात जोरात होते, पण डाय बाहेर यायच्या आधी केस मऊ पडतो. २० व्हॉल्यूम हळू चालतो, आपल्याला थांबायला वेळ मिळतो. घाबरतात म्हणून नाही, थांबता यावं म्हणून.

रानपाखरू
बरं. पण ब्लीचने काळा डाय निघतो हे तर खरं ना?

कंगवा-कात्री
निघतो, पण एका बैठकीत लाइट ब्राऊनपर्यंत क्वचितच. आधी विटकरी होतो, मग गंजासारखा, मग केशरी. लाइट ब्राऊन म्हणजे डब्यावरचा ५ नंबर. त्यासाठी केस केशरीपर्यंत आला की बस, वर राखाडी झाक द्यायची. पिवळा करायची गरज नसते. निम्मी मंडळी इथेच चुकतात, पिवळं व्हायची वाट बघत बसतात आणि केस घालवतात.

सोनटक्का
पर्पल शाम्पू लावला तर केशरी जातो का?

कंगवा-कात्री
जांभळा पिवळ्यावर चालतो. केशरीवर निळा लागतो. पर्पल शाम्पू पंधरा दिवस लावा, केशरी केशरीच राहणार.

झिपरू
टॉवेलचे डाग कशाने जातात ते कोणी सांगेल का 😀 आमच्या बाथरूमच्या फरशीवर नवऱ्याच्या मिशीचा पूर्ण इतिहास आहे.

गुलबक्षी
फरशी घासून जाईल, टॉवेल सोडून दे. बारा वर्षं झाली माझ्याला.

मोगरा_लीड्स
इकडे औषधाच्या दुकानात कलर रिमूव्हर सहज मिळतो. त्यात ब्लीच नसतं. आत जोडलेला डाय तो पुन्हा बारीक कणांत मोडतो, मग ते कण पाण्याने बाहेर काढायचे. कुजक्या अंड्यासारखा वास दोन-तीन दिवस जात नाही. घरात पाहुणे असतील तर नको.
गडबड धुण्यात होते. पाकिटावर लिहिलेला वेळ ठेवला आणि पाच मिनिटांत धुऊन टाकलं तर कण आतच राहतात, हवेने पुन्हा जोडले जातात आणि दुसऱ्या दिवशी केस परत काळे. वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं, मध्ये दोनदा शाम्पू. मागचे आणि खालचे थर हाताने उचलून उचलून.

झिपरू
वीस मिनिटं वाहतं पाणी! आमच्याकडे टँकर येतो बाई.

मोगरा_लीड्स
मग खरंच करू नका. बादली-तांब्याने ते होत नाही, मी बहिणीला पुण्यात फोनवर सांगत होते तेव्हा तेच झालं. संध्याकाळी चॉकलेटी, सकाळी काळे.

कंगवा-कात्री
अजून एक घालते यात. रिमूव्हरनंतर कानामागची एक बट घेऊन त्यावर थोडा डेव्हलपर लावून पाच-दहा मिनिटं बघायचं. गडद व्हायला लागली तर डाय अजून आत आहे, परत धुवा. आणि त्याच दिवशी वर नवीन पक्का रंग लावू नये, हवा त्याहून गडद चढतो. लावायचाच तर एक-दोन शेड फिका घ्या.

अण्णा_कोल्हापूर
मला वाटतं विषय पांढरे केस काळे करण्याचा आहे. आमच्या घरी आवळा आणि लोखंडी कढई वापरतात. चांगला रंग येतो.

सोनटक्का
अण्णा, उलटं आहे. काळे झालेले उजळायचेत 🙂

अण्णा_कोल्हापूर
उजळायचे कशाला? चांगले काळे आहेत की.

कंगवा-कात्री
अण्णांनी नकळत महत्त्वाचं काढलं. लोखंडी कढईतला लेप, काळी मेंदी, पुडीतली पावडर, निळीच्या पानांचा लेप, यातलं काहीही केसाला लागलेलं असेल तर डब्याचे नियम चालत नाहीत. मेंदी-निळीवर रिमूव्हर काही करत नाही, आणि निळीवर ब्लीच लावलं तर हिरवट छटा येऊन अडकू शकते. काही पावडरींत धातूचे क्षार असतात, त्यांच्यावर डेव्हलपर पडला की केस तापतो.

भिरभिरं
हे ओळखायचं कसं? मला आठवतच नाही मधल्या काळात काय काय लावलं ते. सासूबाईंनी दोनदा काळी मेंदी लावून दिली होती.

कंगवा-कात्री
कंगव्यात आलेले केस गोळा करा, पंधरा-वीस पुरेत, दोऱ्याने बांधा. काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर ३० मिली आणि अमोनियाचे वीस थेंब, खिडकी उघडी ठेवून. बट त्यात अर्धा तास. वाटी कोमट झाली, बुडबुडे आले, विचित्र वास आला किंवा केस बोटात तुटायला लागला, तर ब्लीचचा विषय तिथेच संपला. रंग लगेच बदलला तरी तेच. फक्त हळूहळू थोडा फिका पडला तर निदान धातूची भीती नाही. धातूचं भांडं मात्र घेऊ नका.

भिरभिरं
आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याने पण होतं का असं?

कंगवा-कात्री
पाण्यातलं तांबं-लोखंड केसावर बसतं आणि ब्लीच तिथे जास्त तापतं, हो. आधी आठवडाभरात दोन-तीनदा क्षार काढणारा शाम्पू वापरायचा.

रानपाखरू
व्हिटॅमिन सी च्या गोळ्या कुटून कोंड्याच्या शाम्पूत? त्याने उतरतो म्हणतात. मी केलंय, थोडा उतरला.

मोगरा_लीड्स
दोन-चार दिवसांपूर्वी लावलेला असेल तर थोडा उतरतो. चार वर्षांचा नाही. खायचा सोडा मात्र कोणी घालू नका त्यात, केस सुतळीसारखा होतो.

गुलबक्षी
चार वर्षांवरून आठवलं, भाचीचे केस खांद्याखालपर्यंत, साधारण ४० सेंमी लांब आहेत. १ नंबर काळा, चार वर्षं, दर पाच आठवड्यांनी, आणि दर वेळी मुळापासून टोकापर्यंत! तीन महिने झाले थांबलीय. पांढरे थोडे कानाजवळ. कंगवा-कात्री, काय होईल सांगशील का?

कंगवा-कात्री
हिशेब करू. केस महिन्याला सव्वा सेंमीच्या आसपास वाढतो. ४० सेंमीचं टोक म्हणजे ३२ महिने जुना केस, म्हणजे गेल्या तीन महिन्यांचे सोडून त्याच्यावर निदान पंचवीस वेळा डाय बसलाय. मधल्या २० सेंमीवर अकरा-बारा वेळा. मुळाशी चार सेंमी कोरा. एकाच डोक्यावर तीन वेगळे केस आहेत, म्हणून पूर्ण डोक्याला एकसारखा लाइट ब्राऊन मागितला तरी कोणी देऊ शकत नाही.
आधी बट बघायची. मागून तीन बारीक बटा: मुळाजवळची, मधली, टोकाची. ब्लीच एक भाग, २० व्हॉल्यूम दोन भाग, फॉइलमध्ये गुंडाळून दर दहा मिनिटांनी उघडून पुसून बघायचं. अशा केसाचं बहुधा असं दिसतं: कोरं मूळ पंधरा-वीस मिनिटांत केशरी-तपकिरी, मध्य पाऊण तासात गंजासारखा, टोक पाऊण तासाने विटकरीवर अडकलेलं. मग ओलं टोक दोन बोटांत धरून हलकंच ओढायचं. लांबून परत आखडलं तर ठीक. शिजलेल्या शेवईसारखं लांबतच गेलं आणि परत आलं नाही तर त्या टोकावर दुसरी फेरी नाहीच.
तिच्या जागी मी असं करेन. टोकाचं आठ-नऊ सेंमी कापायचं, सर्वात हट्टी थर तोच. मग पूर्ण डोकं न उजळता समोर, भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या थरात बारीक बारीक बटा फॉइलमध्ये घ्यायच्या. लांबीवर आधी ब्लीच, मुळाजवळचे दोन सेंमी सगळ्यात शेवटी, नाहीतर मुळं पेटतात. केशरी आलं की धुवायचं आणि राखाडी लाइट ब्राऊन डेमी, म्हणजे धुता धुता हळूहळू उतरणारा रंग, कमी व्हॉल्यूमवर वीसेक मिनिटं. मधले काळे तसेच राहतात, पण फिक्या पट्ट्यांमुळे डोक्याचा रंग लांबून मऊ दिसतो. कानाजवळचे पांढरे त्यातच मिसळतात.

गुलबक्षी
आणि मुळं पुढे?

कंगवा-कात्री
मुळांना १ नंबर बंद. पांढरे झाकायला ५ चा डेमी, फक्त मुळांना, लांबीवर ओढायचा नाही. दहा-बारा आठवड्यांनी पुढचे फॉइल. वर्षभरात १५ सेंमी नवा केस येतो, काळा खाली सरकत कापला जातो.

मोगरा_लीड्स
मी असते तर फॉइलच्या आधी एकदा रिमूव्हर केलं असतं. जेवढा डाय तसाच निघेल तेवढं ब्लीचचं काम कमी.

कंगवा-कात्री
मान्य, पण पंचवीस थरांच्या टोकावर मला त्याचा भरवसा नाही. मध्यावर चालतं. दोन्ही करणारे आहेत.

सोनटक्का
लग्न फेब्रुवारीत म्हणजे एकाच फेरीला वेळ आहे ना? मग ब्लाऊजचा रंग ठरलाय का तिचा? केशरी केसांवर मोरपंखी भारी दिसेल 😂

गुलबक्षी
मोरपंखीच ठरलाय गं! फॉइल डिसेंबरात करून घेईल म्हणते. पॅच टेस्ट आधी ४८ तास, हे मात्र मीच तिच्या डोक्यावर बसून करून घेणार, मागच्या वेळी कानामागे फोड आलेले तिला.

कंगवा-कात्री
फोड आले असतील तर डेमी सुद्धा नको, डेमीतही त्याच जातीचं रसायन असू शकतं. त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच. फॉइलची गोष्ट वेगळी, ते मुळापासून बोटभर लांब ठेवता येतं, पण त्यावर झाक कसली द्यायची ते मग परत ठरवावं लागेल.

गुलबक्षी
अरे देवा. थांब, फोन लावते तिला.