वेग १०० एमबीपीएस, तरी क्लाउड गेम अडकतो?

> स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतो, तरी क्लाउड गेमिंगमध्ये चित्र मध्येच थबकतं. आता नवा पीसीच घ्यावा का?

थांबा, एवढ्यात नको. जीफोर्स नाऊ ही क्लाउड गेमिंग सेवा १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएस मागते, त्यामुळे वेग तुमच्याकडे भरपूर आहे. संशय वायफायवर घ्या. ६० फ्रेमला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं. डेटाचं पाकीट त्याहून उशिरा आलं की ती फ्रेम हुकते. व्हिडिओ आधीच साठवून ठेवता येतो, गेममध्ये ती सोय नाही, म्हणून चित्रपट सुरळीत चालतो नि गेम अडखळतो.

विंडोजवर आधी आपल्याच राउटरला पिंग करा (पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसेल):

```
ping -n 100 192.168.1.1
```

सगळे आकडे १ ते ५ मिलिसेकंदांत हवेत. मधूनच ६०, ९० असे उसळले तर दोष घरातच आहे. लॅन केबल लावा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जाऊन राउटरच्याच खोलीत बसा.

केबलवर आकडे स्थिर, पण घरात कुणी मोठी फाइल अपलोड करताना `ping -n 100 8.8.8.8` चे आकडे चढतात? मग राउटरमध्ये पाकिटांची रांग लागतेय. कुणाच्या डेटाला आधी वाट द्यायची हे ठरवणारं राउटरमधलं क्यूओएस चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

लॅपटॉप जुना चालेल, फक्त व्हिडिओ डीकोडिंग ग्राफिक्स चिपवर व्हायला हवं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ९० टक्क्यांवर आणि Video Decode शून्यावर दिसलं, तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बहुधा बंद आहे.

गेम चालवणारा सर्व्हरच दूर असेल, तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही.